सोलर फार्मसाठी जागा शोधायचं जीआयएस ओव्हरले प्रॅक्टिकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सेमिस्टरला हे प्रॅक्टिकल तपासताना तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. केस एकच धरलीय: 10 मेगावॉटचा सोलर फार्म, त्यासाठी साधारण 20 हेक्टर सलग जागा हवी, अभ्यासक्षेत्र साधारण 40 किलोमीटर रुंद, आणि सॉफ्टवेअर क्यूजीआयएस. लँडफिल घेतलेल्यांसाठी शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे, पण आधीचं सगळं त्यांनाही लागतंच.

कोणकोणते लेअर घ्यायचे? वीस-पंचवीस घेतले तर मार्क जास्त मिळतील का?

नाही मिळत. पाच पुरतात: उंचीचा डीईएम (एसआरटीएम किंवा कोपर्निकस, दोन्ही साधारण 30 मीटरचे), लँड कव्हर (ईएसए वर्ल्डकव्हर, 10 मीटरचं), रस्ते, सबस्टेशन आणि संरक्षित क्षेत्रं. रस्ते नि सबस्टेशन ओपनस्ट्रीटमॅपवरून मिळतात. पाण्याचा लेअर वेगळा शोधायची गरज नाही, वर्ल्डकव्हरमध्ये कायमस्वरूपी पाण्याचा कोड 80 आहे, तोच वेगळा काढा.

सबस्टेशन म्हणतोय, लाइन नाही, हे लक्षात घ्या. बरेच जण विजेच्या लाइनपासूनचं अंतर काढतात कारण नकाशावर लाइन सगळीकडे दिसते, पण 400 केव्हीची लाइन शेतावरून गेली म्हणून 10 मेगावॉटचा प्लांट तिला मधेच जोडता येत नाही, वीज सबस्टेशनलाच न्यावी लागते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये `power=substation` हा टॅग आहे तो घ्या. त्यात गल्लीतले छोटे ट्रान्सफॉर्मरही कधीकधी सबस्टेशन म्हणून टाकलेले असतात, तेव्हा `voltage` चा कॉलम उघडून बघा आणि सॅटेलाइट इमेजवर एकेक तपासा. चाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात असून असून किती असणार, अर्ध्या तासाचं काम आहे.

सूर्यप्रकाशाचा लेअर यादीत नाही, विसरलात का?

मुद्दाम नाही घेतला. इतक्या छोट्या क्षेत्रात वर्षाचा प्रकाश जवळजवळ सगळीकडे सारखाच असतो. समजा तुमच्या रास्टरमध्ये किमान 1,940 आणि कमाल 1,975 किलोवॉट-तास प्रति चौरस मीटर आहे, म्हणजे फरक 35 चा, दोन टक्केसुद्धा नाही. आता हाच लेअर तुम्ही किमान ते कमाल असा 0 ते 1 मध्ये ताणला की 1,940 वाल्या जागेला शून्य मार्क आणि 1,975 वाल्याला पूर्ण मार्क, आणि वर त्याला "सोलर आहे म्हणजे ऊन सर्वात महत्त्वाचं" म्हणून 0.40 वजन. झालं, दोन टक्क्यांच्या फरकाने अख्खा नकाशा ठरला. तिकडे सबस्टेशनचं अंतर अर्ध्या किलोमीटरपासून पंधरापर्यंत बदलतंय, म्हणजे तीसपट, आणि त्याला तुम्ही 0.15 दिलेलं असतं.

वजन हे निकष किती महत्त्वाचा यावर एकट्यावर ठरत नाही, तो निकष तुमच्या क्षेत्रात किती बदलतो यावरही ठरतं. ऊन महत्त्वाचं आहेच, पण इथे ते जागा-जागांमध्ये फरक करत नाही. अख्ख्या देशाचा नकाशा करत असाल, किंवा डोंगरदऱ्यांचा भाग असेल जिथे ढग आणि सावलीने खरंच फरक पडतो, तर जरूर घ्या. रिपोर्टमध्ये किमान-कमाल लिहून "म्हणून वगळला" असं एक वाक्य टाका, तपासणाऱ्याला लगेच कळतं की पोराने लेअर उघडून बघितलाय.

स्लोप काढला तर सगळीकडे 89 अंश येतोय, असं का?

डीईएम अजून अंश-रेखांशात आहे म्हणून. आडवं अंतर अंशात आणि उंची मीटरमध्ये असं मिश्रण झालंय. 30 मीटरचा पिक्सेल अंशात साधारण 0.00028 इतका असतो, सॉफ्टवेअरला वाटतं की 0.00028 मीटर चालल्यावर 1 मीटर चढ लागला, म्हणजे भिंतच. आधी यूटीएममध्ये आणा, मग स्लोप. `xx` च्या जागी आपला झोन टाका, दक्षिण गोलार्धात असाल तर 326 ऐवजी 327.

```
gdalwarp -t_srs EPSG:326xx -tr 30 30 -tap -r bilinear dem.tif dem_utm.tif
gdaldem slope dem_utm.tif slope.tif -p
```

`-p` म्हणजे टक्क्यांत. हेही जपा, 10 टक्के म्हणजे फक्त 5.7 अंश, आणि 10 अंश म्हणजे 17.6 टक्के. कुठल्यातरी पेपरमधून "10 पेक्षा कमी" असा आकडा उचलायचा आणि एकक बघायचंच नाही, मग उपलब्ध जमीन भलतीच वाढते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही कारण नकाशा दिसायला छानच दिसतो.

`-tap` ने पिक्सेलची जाळी जुळून येते, सगळ्या लेअरना तेच द्या. नाहीतर प्रत्येक रास्टर अर्धा पिक्सेल इकडे अर्धा तिकडे सरकलेलं राहतं.

लँड कव्हरलाही बायलिनियर चालेल ना?

अजिबात नाही, आणि हे मी अगदी जवळून बघितलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका सबमिशनमध्ये तलावाच्या काठाने एक बारीक हिरवी रिंग आली होती, म्हणजे "अतिशय योग्य जागा", तलावाला गोल चक्कर मारणारी. विद्यार्थिनी म्हणाली, सर काठाला मोकळी जमीन असेल. सॅटेलाइटवर बघितलं तर शेतं थेट पाण्याला टेकलेली, मोकळं काहीच नाही. मग ती रिंग आली कुठून? वर्ल्डकव्हरमध्ये शेतीचा कोड 40, पाण्याचा 80. बायलिनियरने शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढली, 40 आणि 80 चं मधलं 60, आणि 60 हा कोड उघड्या, विरळ झाडोऱ्याच्या जमिनीचा. म्हणजे सोलरसाठी सगळ्यात चांगला वर्ग सॉफ्टवेअरने काठावर नव्याने तयार केला.

कोड ही नावं आहेत, संख्या नाहीत, त्यांची सरासरी काढायची नसते. 10 मीटरवरून 30 ला आणताना `-r mode` वापरा, म्हणजे नऊ पिक्सेलमध्ये जो वर्ग जास्त तो राहतो. नीअरेस्टनेही चुकीचा वर्ग येणार नाही, पण तो नऊपैकी एकच पिक्सेल उचलतो.

मास्क आणि वजनं वेगळी कशाला? तलावाला कमी मार्क दिले की झालं ना?

नाही होत, गणित करून बघा. आपले तीन गुण असे धरू: स्लोप 0 टक्के असेल तर 1 आणि 10 टक्क्यांना 0, सबस्टेशन 0 किलोमीटरवर 1 आणि 10 किलोमीटरला 0, रस्ता 0 किलोमीटरवर 1 आणि 5 ला 0, मधे सरळ रेषेत उतरतं. वजनं सबस्टेशन 0.59, स्लोप 0.28, रस्ता 0.13 (कुठून आली ते पुढे आहे). आता तलावाच्या मधला एक पिक्सेल घ्या: पाणी सपाट म्हणून स्लोपला 1, सबस्टेशन 2 किलोमीटरवर म्हणून 0.8, रस्ता अर्ध्या किलोमीटरवर म्हणून 0.9. बेरीज 0.87. तलाव नंबरात येतो! लँड कव्हरला थोडं वजन देऊन तिथे शून्य मार्क दिले तरी बाकीचे निकष ती कमी भरून काढतात, कारण बेरजेच्या पद्धतीचा स्वभावच तो आहे, एकीकडे कमी पडलं की दुसरीकडून भरून निघतं. जिथे भरून निघणं मान्यच नाही (पाणी, घरं, जंगल, संरक्षित क्षेत्र) ते गुणाकारात टाका, शून्याने गुणलं की विषय संपला.

```
("lc@1" = 20 OR "lc@1" = 30 OR "lc@1" = 60)
AND "slope@1" < 10 AND "water_d@1" > 200 AND "pa@1" = 0
```

20 झुडपं, 30 गवत, 60 उघडी जमीन. शेतीचा 40 मी बाहेर ठेवलाय, तो तुमचा निर्णय आहे पण रिपोर्टमध्ये लिहा. पाण्यापासूनचे 200 मीटरही इथे उदाहरणापुरते आहेत, तुमच्याकडच्या नियमात जे असेल ते टाका. आणि गवताळ जमीन "रिकामी" असते असं समजू नका, तिथे कुणाची गुरं चरत असतात, वर्ल्डकव्हरला ते दिसत नाही.

मास्क चालवला तर नकाशा कोराच येतो किंवा फक्त संरक्षित क्षेत्रच दिसतं.

नो-डेटाचा घोळ. संरक्षित क्षेत्राचे पॉलिगॉन रास्टर केले की आत 1 येतो, पण बाहेर 0 ऐवजी नो-डेटा राहतो, कारण टूलच्या खिडकीत नो-डेटाची किंमत 0 अशी आधीच भरलेली असू शकते. नो-डेटाशी कुठलंही गणित केलं की उत्तर नो-डेटाच. म्हणजे नेमकी बाहेरची, आपल्याला हवी असलेली सगळी जमीन गायब. `Fill NoData cells` ने 0 भरा, मग परत चालवा. ओळखायचं कसं, तर आयडेंटिफाय टूलने बाहेर क्लिक करा, 0 दिसला पाहिजे, "no data" दिसलं तर हेच कारण.

अंतराचा रास्टर करताना काय चुकतं?

दोन गोष्टी. एक म्हणजे एकक. कमांडने चालवलं तर अंतर आपोआप पिक्सेलमध्ये येतं, मीटर हवे तर सांगावं लागतं:

```
gdal_proximity.py subs.tif subs_d.tif -distunits GEO
```

कमाल किंमत बघा, 40 किलोमीटरच्या क्षेत्रात सबस्टेशनचं सर्वात लांबचं अंतर 500 आलं तर ते मीटर नाहीत, 500 पिक्सेल आहेत म्हणजे 15 किलोमीटर.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. विद्यार्थी सगळे लेअर आधी अभ्यासक्षेत्राच्या सीमेने कापून घेतात आणि मग अंतर काढतात. सीमेच्या पलीकडे एक किलोमीटरवर सबस्टेशन असेल तर ते कापून गेलं, आणि काठावरची छान जागा "सबस्टेशनपासून 12 किलोमीटर" दाखवते. विजेला तुमची सीमा माहीत नसते. सीमेला 10 किलोमीटरचा बफर द्या, त्या मोठ्या क्षेत्रावर अंतर काढा, आणि कापणं अगदी शेवटी. नकाशाच्या चारही काठांनी गुण घसरलेले दिसत असतील तर हेच झालंय.

आणि हे अंतर पक्ष्याच्या उडण्याचं आहे, मधे नदी किंवा दरी असली तरी त्याला कळत नाही. शेवटच्या चार-पाच जागांसाठी ते डोळ्यांनी तपासून लिहा.

वजनं कशी ठरवायची? मनाने दिली तर चालतील?

मनानेच ठरतात शेवटी, पण एएचपीने ती मांडता येतात आणि आपण स्वतःशी विसंगत बोलतोय का ते कळतं. जोडीजोडीने तुलना करायची, 1 म्हणजे सारखं आणि 9 म्हणजे फारच जास्त महत्त्वाचं. आपण धरू की सबस्टेशन हे स्लोपपेक्षा 2 पट, स्लोप रस्त्यापेक्षा 2 पट, आणि सबस्टेशन रस्त्यापेक्षा 5 पट.

```
             सबस्टेशन  स्लोप  रस्ता
सबस्टेशन       1        2      5
स्लोप           0.5      1      2
रस्ता           0.2      0.5    1
बेरीज           1.7      3.5    8
```

प्रत्येक आकड्याला त्याच्या उभ्या ओळीच्या बेरजेने भागा आणि आडव्या ओळीची सरासरी घ्या. सबस्टेशनची ओळ 0.588, 0.571, 0.625, सरासरी 0.59. तसंच स्लोप 0.28 आणि रस्ता 0.13. बघा, 2 गुणिले 2 म्हणजे 4 यायला हवं होतं आणि आपण 5 म्हटलं, इतकी विसंगती एएचपी सहन करतं, कन्सिस्टन्सी रेशो इथे 0.005 च्या आसपास येतो आणि मर्यादा 0.10 आहे. पण समजा पहिल्या दोन तुलना तशाच ठेवून तुम्ही रस्ता सबस्टेशनपेक्षा 3 पट म्हणालात, म्हणजे गोल फिरलात, तर तोच रेशो 0.6 च्या वर जातो.

एक मात्र समजून घ्या, रेशो चांगला आला म्हणजे वजनं बरोबर आहेत असं नाही. तुम्ही एकाच सुरात बोललात इतकंच त्यातून कळतं, चुकीची गोष्टही माणूस एका सुरात बोलू शकतो.

ओव्हरलेचं शेवटचं सूत्र काय?

आधी गुण, मग बेरीज. गुणांसाठी ही युक्ती सोपी पडते, मर्यादेपलीकडे आपोआप 0 होतं:

```
("subs_d@1" < 10000) * (1 - "subs_d@1" / 10000)
```

स्लोप आणि रस्त्याचंही तसंच, मग

```
"mask@1" * (0.59*"subs_s@1" + 0.28*"slope_s@1" + 0.13*"road_s@1")
```

इथे 0 चे दोन अर्थ होतात, मास्कने बाद आणि खरंच वाईट, म्हणून सरासरी किंवा हिस्टोग्राम काढताना मास्कमधले 0 नो-डेटा करून घ्या. गुणांचे पाच वर्ग पाडणं ("अतिशय योग्य", "योग्य" वगैरे) फक्त रंगासाठी शेवटी करा. आधीच वर्ग पाडले तर 4.9 टक्के आणि 5.1 टक्के स्लोपमध्ये उगाच एका अख्ख्या वर्गाचा फरक पडतो, आणि डीईएमची स्वतःची चूकच त्याहून मोठी असते.

सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस लिहा म्हणतात, म्हणजे नक्की काय करायचं?

माझ्या मते अख्ख्या प्रॅक्टिकलचा जीव इथे आहे, आणि नेमकं हेच पान बहुतेक जण दोन ओळीत उरकतात. दोन जागा घेऊ. अ: स्लोप 8 टक्के, सबस्टेशन 1 किलोमीटर, रस्ता अर्धा किलोमीटर. ब: स्लोप 2 टक्के, सबस्टेशन 4 किलोमीटर, रस्ता 2 किलोमीटर. गुण अ ला 0.2, 0.9, 0.9 आणि ब ला 0.8, 0.6, 0.6 (स्लोप, सबस्टेशन, रस्ता या क्रमाने).

आपल्या वजनांनी अ ला 0.704, ब ला 0.656, अ जिंकली. तिन्ही वजनं सारखी ठेवली तर दोघींची बेरीज 2.0, म्हणजे दोन्ही 0.667, बरोबरी. आणि सबस्टेशन-स्लोपची वजनं आलटापालट केली तर अ 0.487 वर घसरते, ब 0.718. म्हणजे जमिनीने काहीच ठरवलेलं नाही, आपल्या वजनांनी ठरवलंय. पुढे जाऊन नेमका पलटीचा बिंदू काढा: स्लोपचं वजन 0.33 झालं की दोघी सारख्या, त्याच्या वर ब पुढे. आपण 0.28 दिलंय, फक्त पाच शतांशांचं अंतर! एखाद्या इंजिनीअरने "8 टक्के उतारावर माती सपाट करायला फार खर्च येतो" म्हटलं की निकाल फिरला.

रिपोर्टमध्ये हे वाक्य लिहा: "स्लोपचं वजन 0.33 च्या वर गेलं तर ब जागा पहिली येते." रंगीत नकाशांच्या दहा पानांपेक्षा या एका वाक्याला मी जास्त मार्क देतो. अख्ख्या नकाशासाठी करायचं तर प्रत्येक वजन थोडं वरखाली करून (बाकीची त्या प्रमाणात जुळवून) चार-पाच नकाशे काढा आणि सगळ्यांत वरच्या गटात राहणारे पिक्सेल वेगळे दाखवा. जे प्रत्येक वेळी टिकतात त्यांच्याबद्दलच ठामपणे बोलता येतं.

चांगले पिक्सेल मिळाले, पण ते विखुरलेले आहेत. 20 हेक्टर सलग कसं शोधू?

30 मीटरचा पिक्सेल म्हणजे 900 चौरस मीटर, 0.09 हेक्टर, त्यामुळे 20 हेक्टरला 223 पिक्सेल लागतात. सिव्ह टूल टाळा, ते छोटे ठिपके पुसतं पण त्याच वेळी मोठ्या पट्ट्यातली छोटी भोकंही बुजवतं, आणि ते भोक म्हणजे एखादी वस्ती किंवा तळं असू शकतं जे आपण मास्कने मुद्दाम काढलं होतं. त्यापेक्षा गुण 0.65 च्या वर असलेले पिक्सेल वेगळे करा, पॉलिगोनाइज करा आणि `$area >= 200000` ने निवडा. कर्णाने जोडलेले पिक्सेल एक धरायचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर कोपऱ्याला कोपरा लागून लांबलचक माळ तयार होते.

तरी ओढ्याकाठचे अरुंद पट्टे सुटतात. त्यासाठी पॉलिगॉनला उणे 100 मीटरचा बफर द्या, 200 मीटरपेक्षा अरुंद जे काही आहे ते नाहीसं होतं, मग परत अधिक 100 देऊन क्षेत्रफळ मोजा.

ॲस्पेक्ट घ्यावा का? उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचा उतार चांगला म्हणतात.

म्हणतात ते खरंय, आणि दक्षिण गोलार्धात उलट. पण 2 टक्के उतारावर 30 मीटरच्या पिक्सेलमध्ये उंचीचा फरक 60 सेंटीमीटर आणि डीईएमची चूक काही मीटरची, तिथे दिशा म्हणजे निव्वळ गोंगाट. 5 टक्क्यांच्या वर असेल तरच वापरा. सपाट जमिनीला `gdaldem` -9999 देतं, आणि `-zero_for_flat` लावलं तर 0, म्हणजे उत्तर! सगळी उत्तम सपाट जमीन मग उत्तरमुखी म्हणून मार्क गमावते.

लँडफिलला काय बदलतं?

पद्धत तीच, पण मास्क फार कडक होतो: भूजलाची खोली, पूररेषा, विहिरी, पाणी मुरणारी माती, विमानतळ (कचऱ्यावर पक्षी येतात म्हणून). ही अंतरं आपल्या देशाच्या नियमातून घ्या, दुसऱ्या देशाच्या पेपरमधून उचलू नका. आणि शहरापासूनच्या अंतराचा गुण सरळ रेषेत ठेवता येत नाही, जवळ असेल तर वास आणि विरोध, लांब गेलं तर रोज ट्रकचा खर्च, म्हणून मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता असा ठेवा. भूजलाचा लेअर बहुधा थोड्या विहिरींवरून इंटरपोलेट केलेला असतो, त्या विहिरी नकाशावर ठिपक्यांनी दाखवा, म्हणजे कुठे माहिती आहे आणि कुठे नुसता अंदाज आहे ते वाचणाऱ्याला दिसतं.

निकाल बरोबर आहे हे कसं तपासू?

क्षेत्रात किंवा शेजारी आधीच उभा असलेला सोलर प्लांट सॅटेलाइट इमेजवर शोधा आणि तुमच्या नकाशात त्याला किती गुण येतात बघा, मास्क काढून, कारण पॅनलची जागा लँड कव्हरमध्ये बांधकाम म्हणून गेलेली असू शकते. गुण फारच कमी असतील तर कुठल्या लेअरमुळे ते शोधा. मग वरच्या पाच जागा एकेक करून इमेजवर झूम करा. झाडांच्या रांगेच्या कडेला उगाच तीव्र स्लोप दिसला तर घाबरू नका, हे डीईएम झाडांच्या शेंड्यांचीही उंची धरतात, तिथे जमीन सपाट असू शकते. नवीन घरं, खाणी, शेततळी मात्र नीट बघा, वर्ल्डकव्हरचं साल 2020 किंवा 2021 आहे, त्यानंतरचं त्यात काहीच नाही.